माळ्यावरचे पिस्तूल



या सदरात आम्ही नेहमी विहाराच्या, शाळेच्या, रेशनकार्डाच्या गोष्टी लिहितो. आज एका गंजलेल्या पिस्तुलाची गोष्ट लिहीत आहोत. गोष्टीत आमचीही एक चूक आहे, ती आधीच कबूल केलेली बरी. आम्ही घाईघाईने पाचशे हस्तपत्रके छापून घेतली होती आणि ती सगळीच्या सगळी रद्दीत गेली. का गेली, ते ऐका. गावाचे आणि घराण्याचे नाव मात्र विचारू नका, ते आम्ही मुद्दामच देत नाही.

घोड नदीच्या अंगाला एक गाव आहे. तिथल्या बौद्धवस्तीत एका अक्कांचे जुने माळवदाचे घर होते. घरकुल मंजूर झाले म्हणून ते उतरवायला काढले. नातू माळ्यावर चढला. तुटके पाळणे, कणगीचे बूड, जात्याचा खुंटा असे सामान खाली टाकता टाकता त्याच्या हाती एक लाकडी पेटी लागली. पेटीत धोतराच्या फडक्यात गुंडाळलेले एक पिस्तूल होते. आजकाल सिनेमात दिसते तसले नव्हे. हातभर लांब, लाकडी दस्त्याचे, वरच्या बाजूला कोंबड्याच्या मानेसारखा वाकडा घोडा, आणि लोखंड गंजून विटेसारखे लाल झालेले.

अक्कांच्या घरात पिढ्यानपिढ्या एक गोष्ट सांगितली जात होती. त्यांच्या मालकांच्या घराण्यातला कोणी पूर्वज शिरूरच्या छावणीतून रातोरात चालत कोरेगावला गेला होता आणि लढला होता, अशी ती गोष्ट. आता पुरावाच हाती आला असे सगळ्यांना वाटले. वस्तीतली पोरे नाचली. आम्हीही नाचलो, खोटे कशाला बोला! आम्ही विहार समितीचे चिटणीस. त्याच रात्री बसून मजकूर लिहिला, ‘भीमा कोरेगावच्या वीराचे पिस्तूल, १ जानेवारीला दर्शनासाठी खुले’, आणि दुसऱ्या दिवशी छापखान्यात देऊनही आलो.

छापून आल्यावर मग मनात आले की, एखाद्या जाणत्याला दाखवावे, म्हणजे हस्तपत्रकात चार शब्द अधिक घालता येतील. त्यासाठी आम्ही नानांना बोलावले. नाना खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले. सारा जन्म लोखंड घासण्यात आणि मोजण्यात गेला. निवृत्तीनंतर पारावर बसून राहण्यापेक्षा ते पुण्यातल्या एका संग्रहालयात आठवड्यातून दोन दिवस बिनपगारी काम करतात. जुन्या हत्यारांची धूळ झाडायची, मापे घ्यायची, वहीत नोंदी करायच्या, हे त्यांचे काम.

नाना आले. चहा घ्यायच्या आधीच त्यांनी नातवाच्या हातातून पिस्तूल काढून घेतले, नळीचे तोंड भिंतीकडे केले आणि म्हणाले, “पोरा, हे किती जणांकडं रोखून दाखवलंस?”

नातू हसला. “नाना, दोनशे वर्षांचं आहे. मेलेलं आहे ते.”

“बंदूक मरते, दारू मरत नाही. कोरडी राहिली तर ही काळी दारू शंभर-दीडशे वर्षांनीसुद्धा पेट घेते.”

त्यांनी पडद्याची एक बारीक गोल काठी मागितली. ती नळीच्या तोंडातून अलगद आत सोडली, टेकली तिथे पेन्सिलीने खूण केली आणि काठी बाहेर काढून नळीच्या अंगाला लावून धरली. नळीच्या मागच्या टोकाजवळ बाजूला एक बारीक भोक असते, त्याला कान म्हणतात. काठी त्या कानापर्यंत पोहोचली तर नळी रिकामी. या पिस्तुलाची नळी होती नऊ इंच आणि काठी आत गेली होती सव्वासात इंच. म्हणजे पावणेदोन इंच जागा कशाने तरी भरलेली होती. दारू आणि गोळी ठासली तर साधारण एवढीच जागा अडते.

घर गप्प झाले. नानांनी पिस्तूल ओट्यावर नळी भिंतीकडे करून ठेवले आणि आम्हाला म्हणाले, “चिटणीस, आधी पोलीस ठाण्याला अर्ज लिहा. बाकी सगळं मागून.”

अर्ज लिहायचे काम आमच्याकडे आले; कारकुनाला दुसरे येते काय! १९५९ च्या शस्त्र कायद्यातल्या ४५ व्या कलमात एक सूट आहे. जुन्या पद्धतीचे, पुराणवस्तू म्हणून मोल असलेले किंवा मोडके शस्त्र, जे दुरुस्त करूनही चालवता येणार नाही, ते बाळगायला परवाना लागत नाही. पण ते चालणार नाही, हे आपण घरात बसून ठरवायचे नसते. अर्जात आम्ही वस्तू कुठे, कधी आणि कोणासमोर सापडली ते लिहिले, पंचांच्या सह्या घेतल्या आणि पोच घेऊन आलो. चार दिवसांनी शस्त्रागारातले एक जाणते हवालदार आले. त्यांनी उघड्यावर, सगळ्यांना दूर उभे करून, लांब आकड्याने नळी साफ केली. आतून निघाली माती! कुंभारीण माशीने नळीत घर केले होते. गोळी नाही, दारू नाही. सगळे हसले, पण नाना हसले नाहीत. ते म्हणाले, “दहांतल्या नऊ वेळा मातीच निघते. काठी त्या दहाव्या वेळेसाठी घालायची.” हवालदारांनी कान गंजून बुजला आहे, घोडा आणि चाप जाम आहेत, हत्यार निकामी आहे, असा शेरा मारला आणि वस्तू अक्कांच्या ताब्यात परत दिली.

त्यानंतर नाना कामाला बसले. त्यांनी आधी नळीची एक बाजू पाहिली आणि कपाळाला हात लावला. ती बाजू चांदीसारखी चमकत होती. नातवाने सापडल्या दिवशीच पॉलिशपेपर घेऊन ती घासून काढली होती.

“इथं ठसे असणार,” नाना म्हणाले. “नळी तपासून पास झाली म्हणजे तिच्यावर ठसा मारत. तो ठसा कागदाइतका उथळ असतो. गंज चढला तरी तो गंजाखाली राहतो. पण घासलं की गंजाबरोबर तोही जातो. तू गंज नाही काढलास बाळा, अक्षरं काढलीस.”

पोरगा रडवेला झाला. नाना त्याला जवळ घेऊन बसले आणि म्हणाले, “दुसरी बाजू शिल्लक आहे. आता बघ कसं करायचं ते.”

त्यांनी दात घासायच्या मऊ ब्रशने फक्त सुटी लाल भुकटी झाडली. मग शिवणयंत्राचे पातळ तेल कापसाने लावले आणि पिस्तूल दोन दिवस तसेच ठेवले. तिसऱ्या दिवशी बांबूची बारीक कामटी तासली आणि तिच्या टोकाने मऊ झालेला गंज कणाकणाने उचलला. लोखंडापेक्षा बांबू मऊ, म्हणून ओरखडा पडत नाही. खालचा काळा थर त्यांनी मुळीच छेडला नाही. “लाल गंज लोखंड खातो. हा काळा घट्ट बसलेला थर आता लोखंडाचं कातडं झालाय, त्याला राहू द्यायचं,” असे त्यांनी समजावले. रॉकेल, नारळाची शेंडी, तारेचा ब्रश यांना हातही लावू दिला नाही.

काम करता करता त्यांनी पोरांना पिस्तुलाची रचना दाखवली. घोड्याच्या तोंडात दोन जबडे असतात, त्यांत गारगोटीचा, म्हणजे चकमकीचा तुकडा स्क्रूने आवळलेला असतो. चाप ओढला की घोडा पुढे झेपावतो आणि चकमक समोरच्या उभ्या पोलादी पट्टीवर घासते. ठिणग्या पडतात आणि त्याच धक्क्याने पट्टी पुढे उलटून तिच्याखालचा छोटा प्याला उघडा होतो. प्याल्यात चिमूटभर दारू असते, तिला रंजक म्हणत. रंजक पेटली की जाळ कानातून आत जातो आणि नळीतली दारू उडते. म्हणून हे चकमकीचे पिस्तूल. त्याआधीची तोड्याची बंदूक पेटत्या वातीने उडवीत. नंतर तांब्याच्या टोपीची बंदूक आली, तिला चकमक लागत नाही आणि प्यालाही लागत नाही. या पिस्तुलावर प्याला होता आणि चकमकीचे जबडेही होते. टोपी बसवण्याचे बोंडूक कानापाशी नव्हते. म्हणजे हे मागाहून बदललेले नाही, मूळचेच चकमकीचे आहे.

संध्याकाळी नानांनी दिवा घालवायला सांगितला. अंधारात बॅटरी घेतली आणि ती वरून न धरता लोखंडाला जवळजवळ टेकवून, आडवी धरली. बॅटरी वरून धरली की सगळे सपाट दिसते, आडवी धरली की खोलगट जागेत सावली पडते. घोड्याच्या पुढच्या लोखंडी पट्टीवर सावली हलली आणि एक सिंह उभा राहिला. मागच्या दोन पायांवर उभा आणि पुढच्या पंजांत मुकुट धरलेला.

“कंपनी सरकार!” नानांच्या तोंडून निघाले. “हे ईस्ट इंडिया कंपनीचं चिन्ह.”

आधी कंपनीच्या हत्यारांवर बदामासारखी आकृती असे. तिच्यात चार घरे आणि चार इंग्रजी अक्षरे असत. तीच आकृती कंपनीच्या मालाच्या गठ्ठ्यांवर असे आणि मुंबई इलाख्यासाठी पाडलेल्या १७९१ च्या तांब्याच्या पैशावरही आहे. कोणाच्या घरी जुनी नाणी असतील तर पाहा, एका बाजूला बदाम आणि दुसऱ्या बाजूला तराजू दिसेल. १८०८ च्या सुमारास कंपनीने हत्यारांवर बदामाऐवजी हा उभा सिंह घ्यायला सुरुवात केली. म्हणजे आमचे पिस्तूल १८०८ च्या आधीचे नाही.

आमचे काळीज सुपाएवढे झाले. १८०८ नंतरचे, कंपनीचे, आणि कोरेगावची लढाई १ जानेवारी १८१८ ची! आम्ही नानांना म्हणालो, “झालं की मग! जुळलं सगळं.”

नाना म्हणाले, “चिटणीस, जुळतं म्हणजे तसंच आहे असं नव्हे. अजून पितळ बघायचं राहिलंय.”

चापाभोवतीची कडी आणि दस्त्याच्या बुडाची टोपी पितळेची होती. पितळ गंजत नाही, पण हिरवे पडते. कडीवरचा हिरवा मळ निघाला तेव्हा एक आकडा आणि दोन इंग्रजी अक्षरे दिसली. अक्षरे होती एल आणि सी. आकड्यावरून मात्र वाद झाला. आम्ही म्हणालो दोन आहे. नातू म्हणाला दोनच आहे. वस्तीतले दोघे-तिघे वाकून पाहून म्हणाले की दोनच. सगळ्यांना दोनच का दिसत होता? कारण कोरेगावला लढलेली पायदळाची तुकडी पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन होती, हे आम्हा सगळ्यांना तोंडपाठ होते.

नानांनी काहीही न बोलता पातळ कागद त्या जागेवर ठेवला आणि पेन्सिलीचे शिसे आडवे धरून हळू घासले. कागदावर पांढरा आकडा उमटला. खालचे पोटही गोल होते. तीन!

“आणि समजा, दोन असता,” नाना म्हणाले, “तरी पुढची अक्षरं बघा. एल सी म्हणजे लाइट कॅव्हलरी, घोडदळाचा रिसाला. हे पिस्तूल स्वाराचं आहे. पायदळाच्या शिपायाला पिस्तूल मिळत नसे.”

मग त्यांनी हिशेब मांडला, तो आम्ही जसाच्या तसा देतो. कंपनीच्या तीन फौजा होत्या, मुंबईची, मद्रासची आणि बंगालची. तिन्हींत तिसरा रिसाला होता, म्हणून नुसत्या ‘३ एल सी’वरून कोणता रिसाला ते ठरत नाही. मुंबईचा तिसरा रिसाला उभारला गेला १८२० साली, म्हणजे कोरेगावनंतर दोन वर्षांनी. मद्रासचा किंवा बंगालचा म्हणाल, तर त्यांपैकी कोणीही कोरेगावला नव्हता. त्या दिवशी कॅप्टन स्टाँटनबरोबर सुमारे पाचशे पायदळ, पुण्याच्या नव्या पागेचे अडीच-तीनशे स्वार, आणि दोन तोफा घेऊन मद्रासचे गोलंदाज होते. तेव्हा तिन्ही वाटांनी गेले तरी हे पिस्तूल कोरेगावला पोहोचत नाही.

“त्या स्तंभावर आपल्या ज्या बावीस जणांची नावं आहेत,” नाना सावकाश म्हणाले, “त्यांच्या हातात पिस्तूल नव्हतं. त्यांच्या हातात होती लांब बंदूक. तिची नुसती नळी एकोणचाळीस इंचांची, पुढं संगीन. ती उभी ठेवून, तोंडातून दारू-गोळी ठासून, नेम धरून उडवायची आणि पुन्हा ठासायची. दिवसभर, तहानेनं जीभ टाळ्याला चिकटलेली असताना. घोड्यावरचं पिस्तूल त्यांच्या नावावर लावायचं कशाला? त्यानं त्यांचं काम मोठं होतं का?”

आता अक्का बोलल्या. इतका वेळ त्या चुलीपाशी बसून ऐकत होत्या. “म्हंजी आमचं घर खोटं बोललं म्हणता, नाना? माज्या सासूनं मला सांगितलं, तिला तिच्या सासूनं. लिवायला येत न्हवतं आमाला. तोंडानं सांगितलं, तेवढंच आमच्याकडं हाय. ते बी खोटं?”

या प्रश्नावर आमची मान खाली गेली. सरकारी दफ्तरात ज्यांची जागा नव्हती, त्यांनी आपला इतिहास तोंडातोंडीच ठेवला. ते आजीचे बोलणे एका आकड्यापायी खोडून टाकायचे, हे आम्हालाही जड जात होते. आम्ही नानांना बाजूला घेतले आणि म्हणालो, “नाना, एखाद्या साहेबाचं पिस्तूल तुमच्या पूर्वजानं उचललं असेल, असं नाही का म्हणता येणार?”

“असेल म्हणता येईल. पाटीवर लिहिता येणार नाही,” नाना म्हणाले. “आज आपल्या बाजूचं आहे म्हणून आपण ‘असेल’ला ‘आहे’ केलं, तर उद्या दुसरे कोणी आपल्याविरुद्ध तसंच करतील. मग कोणत्या तोंडानं पुरावा मागायचा? आणि एक पाहुणा येईल, ही दोन अक्षरं वाचेल आणि म्हणेल, यांचं हे खोटं, म्हणजे स्तंभावरची नावंही खोटीच असतील.”

मग ते अक्कांपुढे जाऊन बसले. “अक्का, पिस्तूल कोरेगावचं नाही, एवढंच मी बोललो. तुमच्या घरात शिपाई नव्हता असं मी बोललो नाही. मला सांगा, त्या पेटीत अजून काय होतं?”

“काय असायचं? सुतळी, एक फुटकी दऊत... आन एक पत्र्याचं नळकांडं. आत कसरीनं खाल्लेला कागद. ते टाकलं म्या सरपणाच्या ढिगाऱ्यावर.”

नाना उठले ते तडक सरपणाकडे गेले. संग्रहालयातले लोक वस्तूइतकेच वस्तूच्या शेजाऱ्याला मानतात. कोणती वस्तू कोणाबरोबर सापडली, यातच निम्मे उत्तर असते आणि घर उतरवताना आपण नेमकी हीच खूण मोडतो. नळकांडे सापडले. टोपण गंजून बसले होते. आतल्या कागदाची गुंडाळी दिसत होती, पण नानांनी ती उलगडू दिली नाही. वाळलेला जुना कागद जोराने उलगडला की घडीघडीवर तुटतो. नळकांडे तसेच पुण्याला गेले. तिथे कागद जतन करणाऱ्या बाईंनी त्याला बंद डब्यात, पाण्याचा थेंब न लागता, नुसती ओल दिली आणि मऊ झाल्यावर तो दोन दिवसांत हळूहळू उलगडला.

तो कंपनीचा नव्हे, राणीच्या सरकारचा कागद होता, १८६१ सालचा. छापील नमुना, मधल्या जागा शाईने भरलेल्या. मुंबई देशी पायदळातून सेवा करण्यास असमर्थ म्हणून मोकळे केल्याचा दाखला. हुद्दा नाईक, नोकरी एकोणीस वर्षे, वय अडतीस, आणि गावाचे नाव हेच. शिपायाच्या नावाचा शेवट होता ‘नाक’. ज्यांच्या नावापुढे असे ‘नाक’ लागते ते कोण, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

हिशेब आम्हीच केला. १८६१ मध्ये अडतीस वर्षांचा म्हणजे जन्म १८२३ च्या आसपासचा. कोरेगावच्या वेळी तो जन्मलाही नव्हता. नोकरीला लागला तो एकोणिसाव्या वर्षी, १८४२ च्या सुमारास. याच दशकात फौजेतली चकमकीची हत्यारे जाऊन टोपीची येऊ लागली आणि जुनी हत्यारे अडगळीत पडली. त्यांतले एखादे पिस्तूल या घराच्या माळ्यावर येऊन पडले. आजीच्या गोष्टीत शिपाई खरा होता, पायदळ खरे होते. पिढ्यांच्या प्रवासात फक्त लढाईचे नाव येऊन चिकटले. आपल्या लोकांसाठी कोरेगाव हे सगळ्या लढायांचे एक नाव झाले होते, म्हणून ते चिकटले असावे.

नाना कागदाची प्रत घेऊन अक्कांकडे गेले. आम्हीही गेलो. त्यांनी ते नाव मोठ्याने वाचले. अक्कांनी पुन्हा वाचायला लावले. मग त्या नातवाला म्हणाल्या, “ऐकलंस का रं? तुज्या खापरपणज्याला नाव हाय. सरकारनं लिवलेलं.” आणि नानांकडे वळून म्हणाल्या, “एकुणीस वर्स उन्हातान्हात चालला आसंल बिचारा. त्याचा कागद मी चुलीत घालणार व्हते. त्याला सोडून आमी त्या लोखंडाच्या मागं लागलो.”

आम्ही घरी आलो आणि पाचशे हस्तपत्रकांचा गठ्ठा रद्दीवाल्याला दिला. छपाईचे पैसे समितीच्या खात्यात नव्हे, आमच्या खिशातून गेले आणि ते योग्यच झाले. दर रविवारी विहारात आम्ही धम्मवंदना म्हणतो. धम्म एहिपस्सिको आहे, ‘या आणि पाहा’ असे सांगणारा आहे, हे शब्द आमच्या तोंडी असतात. त्या रात्री मात्र आम्ही पाहिले नव्हते, जे पाहायचे होते ते आधीच लिहून टाकले होते.

१ जानेवारीला अक्कांच्या घरचे सगळे नेहमीप्रमाणे कोरेगावला गेले. बाबासाहेब १९२७ साली याच तारखेला तिथे आले होते. त्या बावीस नावांपुढे अक्कांनी मेणबत्ती लावली. आपला पूर्वज त्यांत नाही हे त्यांना आता ठाऊक होते. त्या म्हणाल्या, “न्हाई तर न्हाई. ही बी आपलीच.”

पिस्तूल अक्कांनी संग्रहालयाला दिले. पाटीचा मजकूर नानांनी लिहिला आणि या वेळी आम्ही त्यात एक शब्दही घातला नाही. पाटी अशी आहे: ‘चकमकीचे पिस्तूल. ईस्ट इंडिया कंपनीच्या घोडदळाचे, तिसरा रिसाला. इ.स. १८०८ नंतरचे. नळी ९ इंच. नळीची डावी बाजू सापडल्यानंतर घासली गेल्याने तेथील ठसे नष्ट. मुंबई देशी पायदळातील एका नाईकाच्या घराच्या माळ्यावर, त्याच्या १८६१ च्या दाखल्यासह मिळाले.’ घासल्याचे वाक्य लिहू नका, अशी विनंती नातवाने केली होती. नाना म्हणाले, “ते राहू दे. पुढचा वाचेल आणि घासणार नाही.” आता तो पोरगा सुटीच्या दिवशी नानांबरोबर संग्रहालयात जातो आणि वहीत मापे लिहितो.

दाखला परत अक्कांच्या घरकुलात आला आहे. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली, उन्हाची तिरीप पोहोचणार नाही अशा भिंतीवर, काचेच्या चौकटीत त्याची प्रत लावली आहे. मूळ कागद सपाट पाकिटात, कपाटात ठेवला आहे.

आपल्यापैकी कोणाचे जुने घर उतरत असेल आणि माळ्यावर असे काही सापडले, तर पॉलिशपेपर आणायच्या आधी आम्हाला दोन ओळींचे पत्र टाका. नानांचा पत्ता आम्ही कळवू. आणि पेटीतला कसरीने खाल्लेला कागद सरपणावर टाकू नका.

जयभीम!